७५ हजार फ्रेम्समधल्या ३० स्लाइड्स

५० मिनिटांच्या व्याख्यानात शिक्षक तीसेक स्लाइड्स सहज दाखवतात. व्याख्यान रेकॉर्ड झालं, की त्या ३० स्लाइड्सचा हिशेब मात्र हरवतो. व्हिडिओच्या फायलीत ‘इथे बारावी स्लाइड सुरू झाली’ अशी नोंद कुठेच नसते. तिथे असतात नुसत्या एकामागून एक येणाऱ्या फ्रेम्स. सेकंदाला २५ धरल्या तर ५० मिनिटांच्या ७५ हजार होतात, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक फ्रेम तिच्या आधीच्या फ्रेमसारखीच दिसते. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला त्यातली एकच आकृती हवी असते. ती कितव्या मिनिटाला होती हे आठवत नाही, म्हणून तो व्हिडिओची पट्टी बोटाने मागेपुढे सरकवत बसतो.

भारतात अशा व्हिडिओंचा साठा मोठा आहे. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा उपक्रम २००३ साली सुरू केला, तेव्हापासून अभियांत्रिकीची आणि विज्ञानाची व्याख्यानं रेकॉर्ड होऊन लोकांपर्यंत पोहोचत आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर तालुक्याच्या कॉलेजातले वर्गही झूम आणि गूगल मीटवर भरले आणि तिथेच रेकॉर्ड झाले. काही व्याख्यानांसोबत स्लाइड्सची पीडीएफ मिळते. बऱ्याच वेळा मिळत नाही, किंवा वर्षभराने तिची लिंक मेलेली असते. अशा वेळी व्हिडिओतूनच स्लाइड्स परत काढायच्या आणि त्यांचा संच पुन्हा बांधायचा, एवढाच मार्ग उरतो. हे काम घरच्या साध्या संगणकावर, फुकट मिळणाऱ्या साधनांनी होतं. पण ‘चित्र बदललं की फोटो काढ’ एवढ्यावर ते भागत नाही. व्याख्यानात चित्र सतत बदलत असतं, आणि त्यातला कोणता बदल म्हणजे नवी स्लाइड हे ठरवण्यातच सगळं कसब आहे.

या कामासाठी बहुतेक लोक पहिल्यांदा एफएफएमपेग हे साधन उचलतात. व्हिडिओ कापणं, जोडणं, एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणं यासाठी ते जगभर वापरलं जातं. दृश्य बदललं का, हे ओळखण्याची सोयही त्यात आहे. प्रत्येक फ्रेमला ते ० ते १ च्या दरम्यान एक गुण देतं: बदल जितका मोठा तितका गुण जास्त. त्याच्या माहितीपुस्तिकेत दृश्यबदल पकडण्यासाठी ०.३ ते ०.५ ही मर्यादा सुचवलेली आहे. नवशिका माणूस भरवशाने ०.३ लिहितो, यंत्र ५० मिनिटांचा व्हिडिओ चाळतं आणि हाती दोन-चार चित्रं देतं. कधी एकही देत नाही.

असं का होतं हे गुणाचा हिशेब मांडला की कळतं. दोन फ्रेम्स एकमेकींवर ठेवून प्रत्येक पिक्सेलच्या उजेडात किती फरक पडला ते मोजायचं, त्या सगळ्या फरकांची सरासरी काढायची आणि तिला १०० ने भागायचं. गुणाचा गाभा एवढाच आहे. सिनेमात घरातलं दृश्य संपून रस्ता दिसू लागला, तर पडद्याचा जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलतो. स्लाइडचं तसं नसतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असतील, तर भरगच्च स्लाइडवरही अक्षरांची शाई साधारण ५ टक्के पिक्सेल व्यापते, बाकी सगळं पांढरं. स्लाइड बदलली की जुनी ५ टक्के शाई पुसली जाते आणि नवी ५ टक्के शाई उमटते, म्हणजे बदलले ते १० टक्के पिक्सेल. काळ्या-पांढऱ्यातला फरक २२० धरला तर सरासरी येते २२, आणि गुण ०.२२. पूर्ण स्लाइड बदलूनही ०.३ ची मर्यादा ओलांडली जात नाही. ती शिफारस सिनेमासारख्या दृश्यांसाठी ठीक आहे, पांढऱ्या स्लाइडसाठी नाही.

मग मर्यादा खाली आणायची. पण किती?

समजा व्हिडिओ १२८० गुणिले ७२० पिक्सेलचा आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये ९,२१,६०० पिक्सेल आहेत. स्लाइडचं शीर्षक ‘प्रकाशसंश्लेषण’ आहे, खाली चार मुद्दे आहेत, आणि शिक्षिका बोलता बोलता ते एकेक करून आणतात. एका ओळीच्या मुद्द्यात साधारण पाच हजार पिक्सेल शाई धरू. हा बदल फ्रेमच्या अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, आणि त्याचा गुण जेमतेम ०.०१२. आता उजव्या कोपऱ्यात, खाली, शिक्षिकेचा चेहरा दाखवणारी छोटी चौकट आहे असं धरू: ३२० गुणिले १८० पिक्सेल, म्हणजे फ्रेमचा सव्वासहा टक्के भाग. त्या मान वळवतात, हात हलवतात. तेवढ्या चौकटीपुरता सरासरी फरक २० पडला, तर पूर्ण फ्रेमवर तो सव्वा होतो आणि गुण येतो ०.०१२५.

म्हणजे एक अख्खा नवा मुद्दा आणि मानेची एक हालचाल, यंत्राला दोन्ही सारखेच. हा पेच नुसती मर्यादा वरखाली करून सुटत नाही. वर नेली तर मुद्दे हुकतात, खाली आणली तर शिक्षिकेच्या प्रत्येक हालचालीला एक ‘स्लाइड’ तयार होते आणि तासाभराच्या व्याख्यानाची शेकडो चित्रं फोल्डरमध्ये साचतात. म्हणून मर्यादा ठरवण्याआधी कोपऱ्यातली ती चौकट झाकून टाकावी लागते. मोजणीपुरती तिथे काळी पट्टी मारली की पेच नाहीसा होतो, आणि तिच्यामागचा स्लाइडचा भाग एरवीही दिसत नव्हताच. पडद्यावर चालणारं घड्याळ, चॅटची खिडकी किंवा संस्थेचं हलतं बोधचिन्ह असेल, तर त्यांनाही हाच उपाय.

दुसरी खबरदारी वेळेची. सेकंदाच्या २५ फ्रेम्स एकमेकींशी ताडून पाहणं वेळखाऊ तर आहेच, शिवाय चुकीचंही ठरतं. पुष्कळ शिक्षक एक स्लाइड विरत जाऊन दुसरी उमटेल अशी रचना ठेवतात. हा बदल सेकंदभर चालला तर तो २५ फ्रेम्समध्ये वाटला जातो. एकूण २२ चा फरक पडायचा, तिथे दर फ्रेमला एकही पुरा पडत नाही. त्यात एफएफएमपेगचा गुण आणखी एक गोष्ट पाहतो: आताचा फरक मागच्या फरकापेक्षा किती वेगळा आहे. संथ विरण्यात दर फ्रेमचा फरक सारखाच असल्यामुळे गुण शून्याजवळ जातो आणि अख्खी स्लाइड नजरेतून सुटते. सेकंदाला एकच फ्रेम घेऊन तपासलं, तर विरणं दोन फ्रेम्सच्या मधल्या अंतरात बरंचसं सामावतं आणि बदल ठळक दिसतो. ७५ हजारांऐवजी ३ हजारच फ्रेम्स तपासाव्या लागतात, हा वरचा फायदा.

या दोन्ही खबरदाऱ्या घेऊन लिहिलेली आज्ञा अशी दिसते:

```
ffmpeg -i lecture.mp4 -vf "fps=1,drawbox=x=960:y=540:w=320:h=180:color=black:t=fill,select='eq(n,0)+gt(scene,0.005)',showinfo" -fps_mode vfr cand_%04d.png
```

यात `fps=1` सेकंदाला एक फ्रेम घेतं, `drawbox` कोपऱ्यातली चौकट झाकतं, आणि `showinfo` निवडलेल्या प्रत्येक फ्रेमची वेळ पडद्यावर छापतं. ही वेळ पुढे फार कामाला येते. `eq(n,0)` हा तुकडा छोटा आहे, पण तो विसरला तर शीर्षकाची स्लाइड हातची जाते. पहिल्या फ्रेमच्या आधी तुलनेसाठी काहीच नसतं, तिचा गुण शून्य येतो आणि ती कधीच निवडली जात नाही. मर्यादा इथे ०.००५ ठेवली आहे. एका ओळीच्या ०.०१२ पेक्षा ती बरीच खाली आहे, आणि माउसच्या बाणाच्या हालचालीपेक्षा बरीच वर.

इथवर येणारे पुष्कळ असतात, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. त्यांच्या हाती ‘प्रकाशसंश्लेषण’ची एक स्लाइड पाच वेळा येते: नुसतं शीर्षक, मग एक मुद्दा, मग दोन, मग तीन, मग चार. ३० स्लाइड्सच्या व्याख्यानाची सव्वाशे पानं छापून निघतात आणि वाचणारा वैतागतो. यातलं फक्त शेवटचं पान हवं असतं, कारण आधीची चारही पानं त्याच्यात सामावलेली आहेत.

ही सामावण्याची गोष्ट यंत्रालाही सांगता येते, आणि या सगळ्या कामातली ही सर्वांत सुंदर युक्ती म्हणावी लागेल. दोन फ्रेम्समध्ये किती फरक आहे एवढंच विचारण्याऐवजी दोन वेगळे प्रश्न विचारायचे: जुन्यातली किती शाई पुसली गेली, आणि नवी किती उमटली? मुद्दा नुसता वाढला असेल तर नवी शाई पाच हजार पिक्सेल भरेल, पुसलेली जवळपास शून्य. स्लाइडच बदलली असेल तर दोन्ही आकडे मोठे येतील. पायथन भाषेत, ओपनसीव्ही हे ग्रंथालय वापरून, हे चार ओळींत बसतं:

```python
old = cv2.cvtColor(a, cv2.COLOR_BGR2GRAY)
new = cv2.cvtColor(b, cv2.COLOR_BGR2GRAY)
gone  = ((old < 128) & (new > 128)).sum()
added = ((old > 128) & (new < 128)).sum()
```

`gone` म्हणजे पुसलेली शाई, `added` म्हणजे नवी. `gone` नगण्य असेपर्यंत स्लाइड तीच आहे असं समजायचं आणि जुनं चित्र टाकून नवं ठेवायचं. `gone` एकदम वाढला की जुनी स्लाइड पूर्ण झाली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर चिन्हं उलटी करावी लागतात. या मोजणीचा आणखी एक गुण असा, की व्हिडिओ दाबून लहान करताना अक्षरांच्या कडांना जी बारीक थरथर येते, ती इथे सहसा मोजलीच जात नाही. पांढरं किंचित करडं झालं तरी ते १२८ च्या वरच राहतं. सरासरीवर चालणाऱ्या गुणात मात्र ही थरथर थेंबाथेंबाने साचत जाते.

नियम फसतो तोही लक्षात ठेवावा. नवा मुद्दा आला की जुने मुद्दे फिके करायचे, अशी काही शिक्षकांची पद्धत असते. तिथे जुनी शाई पुसल्यासारखी दिसते आणि एका स्लाइडच्या पुन्हा पाच होतात. अशा व्याख्यानात १२८ ऐवजी २०० सारखा आकडा घ्यावा, म्हणजे फिकी अक्षरंही शाईतच मोजली जातात. स्लाइडवर एक आकृती जाऊन तिच्या जागी दुसरी येत असेल, तर तिथे दोन पानं होणंच योग्य. पहिली आकृती फेकून देणारा नियम काही कामाचा नाही.

हस्तलेखनाची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ प्राध्यापक स्लाइडवर पेनने गणित सोडवत जातात. पेनची शाई सेकंदाला दोनेकशे पिक्सेल या गतीने वाढते. शेजारच्या दोन फ्रेम्सची तुलना केली तर गुण ०.०००५ च्या आसपास राहतो, कधीच मर्यादा ओलांडत नाही, आणि दहा मिनिटांत पूर्ण भरलेलं पान यंत्राच्या लेखी कोरंच राहतं. वरची आज्ञा इथे हमखास चुकते: स्लाइड आली तेव्हाचं कोरं चित्र ती देते आणि त्यावर सोडवलेलं गणित गाळते. म्हणून तुलना मागच्या सेकंदाशी करायची नाही, शेवटच्या जपून ठेवलेल्या चित्राशी करायची. आणि चित्र घ्यायचं ते स्लाइड आल्या क्षणाचं नव्हे, ती जाण्याच्या आधीच्या क्षणाचं. पुढची स्लाइड १४ मिनिटं ३२ सेकंदांना आली असं नोंदीत दिसलं, तर एक सेकंद मागे जाऊन फ्रेम उचलायची:

```
ffmpeg -ss 00:14:31 -i lecture.mp4 -frames:v 1 slide_12.png
```

शिक्षकांनी पुढे जाण्याआधी सगळं पुसून टाकलं असेल, तर शेवटची फ्रेमही कोरी निघते. तिथे त्या स्लाइडच्या अख्ख्या काळातली सर्वांत जास्त शाई असलेली फ्रेम शोधावी लागते. शाई मोजणं आधीच चालू असल्यामुळे त्यासाठी वेगळं काही लागत नाही.

आतापर्यंतचं सगळं संगणकाच्या पडद्यावरून थेट रेकॉर्ड झालेल्या व्याख्यानाचं झालं. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी कॅमेरा लावून घेतलेल्या व्याख्यानात प्रोजेक्टरचा पडदा तिरका दिसतो, वक्ता त्याच्यासमोर येरझाऱ्या घालतो आणि कॅमेरा स्वतःच उजेड कमीजास्त करतो. या प्रश्नावर जुनं आणि चांगलं काम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झालं आहे. सुगता मुखोपाध्याय आणि ब्रायन स्मिथ यांनी १९९९ साली मांडलेल्या पद्धतीत दोन कॅमेरे होते: एक वक्त्याच्या मागे फिरणारा, दुसरा पडद्यासह व्यासपीठ टिपणारा. व्याख्यान झाल्यावर वक्त्याने दिलेल्या मूळ स्लाइड्सशी दुसऱ्या कॅमेऱ्याची चित्रं जुळवून कोणती स्लाइड केव्हा पडद्यावर होती हे यंत्र ठरवत असे. मूळ स्लाइड्स हाती असल्या की काम किती सोपं होतं, हे त्यातून दिसतं: चित्र धूसर असलं तरी चालतं, फक्त ओळख पटावी लागते. आपल्यापुढे मूळ संच नसतो, त्यामुळे धूसर चित्रातूनच स्वच्छ पान घडवायचं असतं.

त्यासाठी आधी पडद्याचे चार कोपरे एकदा हाताने दाखवून तिरका चौकोन सरळ आयत करून घेतात. कॅमेरा हलत नसेल तर एवढं एकदाच पुरतं. मग वक्त्याला पुसायचं. एखादी स्लाइड दोन मिनिटं पडद्यावर असेल तर सेकंदाला एक अशा १२० फ्रेम्स मिळतात. प्रत्येक पिक्सेलच्या १२० किमती चढत्या क्रमाने लावून मधली किंमत घेतली, तर जिथे वक्ता निम्म्याहून कमी वेळ उभा होता तिथून तो नाहीसा होतो आणि मागची अक्षरं दिसू लागतात. मात्र याच युक्तीने स्लाइडचे मुद्देही पुसले जाऊ शकतात. चौथा मुद्दा शेवटच्या अर्ध्या मिनिटात आला असेल, तर १२० पैकी ९० फ्रेम्समध्ये तो नव्हता. मधली किंमत त्याला वक्त्यासारखाच उडवून लावते. म्हणून मधली किंमत अख्ख्या दोन मिनिटांची न घेता, शेवटचा मुद्दा आल्यानंतरच्या काळापुरतीच घ्यावी लागते. आणि त्या अर्ध्या मिनिटात वक्ता मुद्द्यासमोरच उभा राहिला असेल, तर तो मुद्दा व्हिडिओत कुठेच नाही. तो परत मिळणार नाही.

शिक्षक मागे जातात, हा आणखी एक घोळ. विसाव्या स्लाइडवर कुणी शंका विचारतं, शिक्षक आठवी स्लाइड पुन्हा काढतात, मग विसाव्यावर परततात. संचात आठवी दोनदा आणि विसावी दोनदा येते. अशा जुळ्या ओळखण्यासाठी चित्राचा ठसा काढण्याची पद्धत प्रचलित आहे. चित्र ९ गुणिले ८ पिक्सेल इतकं लहान करायचं, प्रत्येक पिक्सेल शेजारच्यापेक्षा उजळ आहे की गडद एवढंच टिपायचं, की ६४ बिटांचा ठसा तयार होतो. दोन ठशांत थोडेच बिट वेगळे असतील तर चित्र तेच. फोटोंसाठी ही पद्धत उत्तम आहे, स्लाइड्ससाठी धोक्याची. एकाच साच्यातल्या, वर निळी पट्टी आणि खाली चार ओळी असलेल्या दोन वेगळ्या स्लाइड्स इतक्या लहान आकारात सारख्याच दिसतात, आणि जुळी समजून एक खरी स्लाइड फेकली जाते. ठसा १६ गुणिले १६ चा, म्हणजे २५६ बिटांचा घेतला तर धोका बराच कमी होतो. तरीही ठशाने फक्त संशयित जोड्या काढाव्यात आणि निकाल पूर्ण आकाराच्या चित्रांत शाईचा हिशेब करूनच द्यावा. जुळी सापडली तरी तिची वेळ पुसू नये. आठव्या स्लाइडवर शिक्षक दुसऱ्यांदा जे बोलले, तेच पुष्कळदा जास्त उलगडून सांगितलेलं असतं.

निवडलेल्या चित्रांचा संच बांधणं हे त्यामानाने किरकोळ काम. `img2pdf` हे साधन चित्रांचा दर्जा न घटवता त्यांची पीडीएफ करतं. `ocrmypdf` त्या पीडीएफमधली अक्षरं वाचून चित्रामागे शोधता येईल असा मजकूर ठेवतं. त्याच्या आत टेसरॅक्ट ही अक्षरवाचक प्रणाली काम करते आणि तिला मराठी येतं:

```
img2pdf slide_*.png -o deck.pdf
ocrmypdf -l mar+eng deck.pdf deck_ocr.pdf
```

मराठी वाचन किती नीट होईल हे व्हिडिओच्या आकारावर ठरतं. ३६० ओळींच्या व्हिडिओत वेलांटी, रफार आणि अनुस्वार दोन-तीन पिक्सेलचे उरतात आणि यंत्र ते गाळतं. ७२० किंवा १०८० ओळींचा व्हिडिओ मिळत असेल तर तोच घ्यावा. रंगीत अक्षरांचा त्रास वेगळा: बहुतेक व्हिडिओंत उजेडाची माहिती पूर्ण साठवतात, रंगाची मात्र आडवी-उभी दोन्हीकडून निम्मी. निळ्यावर लाल अक्षरं असतील तर त्यांच्या कडा विरघळतात, आणि मागाहून कितीही धार लावली तरी त्या परत येत नाहीत.

या संचाला खरी किंमत येते ती वेळेच्या नोंदींमुळे. `showinfo`ने छापलेल्या वेळा जपून ठेवल्या असतील आणि व्हिडिओला उपशीर्षकांची फाइल असेल, तर नवव्या स्लाइडच्या काळात शिक्षक जे बोलले ते सगळं तिच्या खाली टिपण म्हणून घालता येतं. स्लाइडवर ‘हरितद्रव्य: तीन टप्पे’ एवढंच असतं, ते टप्पे कोणते, हे शिक्षक तोंडी सांगतात. नुसत्या चित्रांच्या संचात तो भाग नसतो.

संच पूर्ण आहे की नाही, हे तपासायला स्लाइडच्या कोपऱ्यातला क्रमांक सर्वांत विश्वासू. ११, १२, १४ असं दिसलं की तेरावी एकतर हुकली किंवा शिक्षकांनी दाखवलीच नाही. त्या दोन वेळांमधला व्हिडिओ पाहिला की मिनिटभरात कळतं. क्रमांक नसतील तर वेळांवर नजर टाकावी. एकच स्लाइड आठ-दहा मिनिटं टिकलेली दिसली, तर मधला बदल निसटला असण्याची शक्यता मोठी. एखादी एकच सेकंद टिकलेली दिसली, तर ती बहुधा विरण्याच्या मधली फ्रेम आहे: तिच्यात दोन स्लाइड्सची अक्षरं एकमेकींत मिसळलेली दिसतात. पण अशा सेकंदभराच्या सगळ्याच फ्रेम्स आंधळेपणाने टाकू नयेत. ‘हे घरी वाचा’ म्हणून शिक्षक भराभर पुढे सरकवतात त्या स्लाइड्सही तेवढाच वेळ दिसतात, आणि कोष्टकं व सूत्रं नेमकी त्यांच्यावरच असतात. तेवढ्या टप्प्यापुरतं `fps=1` ऐवजी `fps=4` करून पुन्हा पाहावं.

स्लाइड्स हे शिक्षकांचं लेखन आहे, हे विसरून चालणार नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी असा उचित वापर करायला भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. तयार झालेला संच सगळीकडे वाटणं किंवा विकणं ही वेगळी गोष्ट झाली. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरसारखे काही उपक्रम श्रेय देऊन, विनामोबदला पुढे वाटायची परवानगी आधीच देतात. इतर ठिकाणी शिक्षकांना विचारावं.

आणि शिक्षकांनाही एक विनंती. प्रत्येक स्लाइडवर क्रमांक घाला. झूमवर रेकॉर्ड करताना स्वतःचा चेहरा आणि शेअर केलेला पडदा वेगवेगळे साठवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो चालू करा. पेनने लिहिलेलं पान पुढे जाण्याआधी दोन सेकंद स्थिर राहू द्या. आणि मूळ पीडीएफ व्हिडिओसोबतच ठेवलीत, तर यातलं काहीच कुणाला करावं लागणार नाही.